फॉर्म १६, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं व्याज : वर्षभर ताळा ठेवल्यानंतरचा अनुभव

एप्रिल २०२४ पासून पगाराची स्लिप आली की त्यातले चार आकडे मी गूगल शीटमध्ये उतरवून ठेवतो: एकूण पगार, कापलेला टीडीएस, पीएफ आणि बँकेत खरोखर जमा झालेली रक्कम. शेजारच्या पानावर ठेवींचं व्याज. २०२४-२५ चं रिटर्न भरून आता बरेच दिवस झाले. ही पद्धत कुठे कामाला आली आणि कुठे नुसतीच शोभेची ठरली, ते लिहितो. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात आहे, नवीन कररचनेत आहे आणि पगाराशिवाय उत्पन्न म्हणजे फक्त व्याज. घरभाडं, गृहकर्ज, शेअर्स असं काही असेल तर तुमचं पान याहून लांब होणार.

आधी पगाराचं. सप्टेंबरपर्यंत माझा महिन्याचा एकूण पगार ७८,०००, ऑक्टोबरपासून ८२,०००, आणि दिवाळीला बोनस ४०,०००. बेरीज बरोबर दहा लाख. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली की उरतात ९,२५,०००. त्या वर्षीच्या दरांनी कर ४२,५०० आणि चार टक्के सेस धरून ४४,२००. स्लिपांवरच्या टीडीएसची बेरीजही ४४,२०० च आली. म्हणजे कापणी बरोबर झाली होती. पण कापलेला पैसा माझ्या पॅनवर पोचला का, हे स्लिप सांगत नाही. ते कळतं फॉर्म १६, म्हणजे कंपनीकडून मिळणारं टीडीएसचं प्रमाणपत्र, त्याच्या भाग ‘अ’ मधून, किंवा पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएस या सरकारी विवरणातून.

बरेच जण फॉर्म १६ आला की सरळ भाग ‘ब’ उघडतात, कारण पगार, वजावट, कर असं सगळं तिथे मांडलेलं असतं. पण भाग ‘ब’ म्हणजे कंपनीने केलेला हिशेब. हल्ली दोन्ही भाग टीडीएसच्या सरकारी ट्रेसेस पोर्टलवरूनच उतरवतात, पण भाग ‘अ’ बनतो तिमाही विवरणपत्रांवरून. कंपनीने दर तिमाहीला २४क्यू नावाचं विवरणपत्र भरलेलं असतं, त्यात तुमच्या पॅनसमोर जे लिहिलं तेच तिथे उमटतं. दोन्ही भाग एकाच पीडीएफमध्ये असले तरी त्यांतल्या आकड्यांचा उगम वेगळा, म्हणून दोन्हींत फरक पडू शकतो. आमच्याकडे पडला.

स्लिपांप्रमाणे माझा तिमाहीवार टीडीएस १०,२००, १०,२००, १२,००० आणि ११,८०० असा हवा होता. तिसऱ्या तिमाहीचं २४क्यू भरायची मुदत ३१ जानेवारी. फेब्रुवारीत २६एएस उघडलं तर ऑक्टोबर आणि डिसेंबरची ओळ होती, नोव्हेंबरची गायब. मी अकाउंट्समध्ये जाऊन सांगितलं, “अण्णा, नोव्हेंबर दिसत नाही बघा.” ते म्हणाले, “पगार दिलाय, टॅक्स कापलाय, चलन भरलंय. फॉर्म १६ येऊ दे, मग बघूया की.” जूनमध्ये फॉर्म १६ आला. भाग ‘ब’ मध्ये कर ४४,२००, भाग ‘अ’ मध्ये जमा ४०,२००.

असा फरक दिसला की नुसतं “चार हजार कमी आहेत” म्हणून चालत नाही. भाग ‘अ’ मध्ये टीडीएसच्या शेजारीच त्या तिमाहीत दिलेल्या पगाराची रक्कम असते, ती आधी बघायची. माझ्या तिसऱ्या तिमाहीचा पगार बोनससकट २,८६,००० हवा होता, तिथे होता २,०४,०००. फरक ८२,०००, म्हणजे अख्खा एक महिना. पगार आणि टीडीएस दोन्ही एका महिन्याइतके कमी असतील तर विवरणपत्रात तुमची ओळच नाही, किंवा ती दुसऱ्याच पॅनवर गेली आहे. पगाराची रक्कम पूर्ण आहे, पण जमा टीडीएस कमी आहे, तर घोळ चलनात असतो: पैसे भरलेच नाहीत, किंवा चलनाचा तपशील जुळत नाही. तेव्हा २६एएस मध्ये बुकिंगच्या रकान्यात ‘जुळलं’ सांगणाऱ्या F ऐवजी ‘जुळलं नाही’ सांगणारा U दिसतो. हा भेद माहीत असला की अकाउंटंटला नेमकं काय शोधायचं ते सांगता येतं. नाहीतर ते बिचारे चलनाची पावती काढून तुमच्यासमोर धरतात आणि विषय संपतो. पावती खरीच असते, पण तिच्यावर तुमचं नाव नसतं.

आमच्यात तेच निघालं. नोव्हेंबरचं चलन वेळेत आणि पूर्ण भरलं होतं. पण त्या चलनाखाली कर्मचाऱ्यांच्या ओळी भरताना माझी ओळ सुटली होती, त्यामुळे चलनात चार हजार रुपये कुणाच्याच नावावर न लागता पडून होते. यावर आपण काहीही करू शकत नाही, पोर्टलवर कितीही क्लिक करा. दुरुस्ती विवरणपत्र कंपनीनेच भरायचं असतं. अण्णांनी ओळ जोडली, काही दिवसांनी २६एएस मध्ये नोव्हेंबर उगवला आणि भाग ‘अ’ नव्याने उतरवून मिळाला. सुधारित कागद येईपर्यंत मी रिटर्न भरलं नाही. त्या वर्षी मुदत ३१ जुलैवरून सप्टेंबरपर्यंत वाढली होती, त्यामुळे घाई नव्हती. कापलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा मागू नये, असं प्राप्तिकर कायदा १९६१ चं कलम २०५ सांगतं, हे खरं. पण २६एएस मध्ये नसलेल्या रकमेचा दावा केला की आधी मागणीची नोटीस येते आणि मग उत्तरं देत बसावं लागतं. ते टाळलेलं बरं.

स्लिप ताडताना एक गोष्ट लक्षात असू द्या. बँकेत जमा झालेल्या पगारांची बेरीज फॉर्म १६ शी कधीच जुळणार नाही, कारण ती पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस वजा होऊन आलेली असते. जुळवायचा असतो तो स्लिपवरचा एकूण पगार. बँकेतली जमा फक्त स्लिप खरी आहे का, एवढं बघायला. आणि मार्चचा पगार एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जमा झाला, तरी आमच्यासारख्या खाजगी कंपनीत तो जुन्याच वर्षात धरतात. व्यवसाय कराचे दरमहा २०० रुपये त्या वर्षी स्लिपवर दिसत होते आणि फॉर्म १६ मध्ये त्या जागी शून्य होतं, ते बघून आमच्यातला एक जण भांडायला निघाला होता. नवीन कररचनेत त्याची वजावटच नाही, त्यामुळे तिथे शून्य बरोबर. जुन्या रचनेत असाल तर मात्र तिथे आकडा हवा.

आता व्याज. इथे मला जास्त शिकायला मिळालं, कारण इथे कागद वेगवेगळं बोलतात. एकाच बँकेत माझ्या दोन मुदत ठेवी होत्या, एक निपाणी शाखेत, दुसरी कोल्हापुरात. निपाणीचं वर्षाचं व्याज २७,७००, कोल्हापूरचं १८,५००. त्या वर्षी टीडीएसची मर्यादा ४०,००० होती आणि दोन्ही ठेवी तिच्या आत. आमच्या भागात अजून लोक सांगतात, “दोन शाखांत ठेवा, कापत नाहीत.” कोअर बँकिंग असलेल्या बँकांत जून २०१५ पासून सगळ्या शाखांचं व्याज एकत्र धरलं जातं, राज्य बदललं तरी पॅन तोच. एकूण ४६,२०० वर बँकेने दहा टक्क्यांनी ४,६२० कापले, आणि ते २६एएस मध्ये बरोबर दिसले.

पण पासबुक बघाल तर गोंधळ. कोल्हापूरची ठेव मुदतीअखेर व्याज देणारी होती, ती जानेवारीत सुटली आणि खात्यात कित्येक वर्षांचं व्याज एकरकमी जमा झालं. त्यातलं या वर्षाचं फक्त १८,५००, बाकीच्यावर मागच्या वर्षांतच बँकेने टीडीएस कापला होता आणि मी ते त्या त्या रिटर्नमध्ये दाखवलं होतं. म्हणून व्याजासाठी पासबुक नाही, बँकेचं व्याज प्रमाणपत्र हाच आधार धरायचा. त्यात त्या वर्षात लागू झालेलं व्याज असतं, हातात पडलेलं असो वा नसो.

प्राप्तिकर पोर्टलवर एआयएस नावाचं आपल्या उत्पन्नाचं वार्षिक माहितीपत्रक असतं, त्यात आणखी एक खोड आहे. तेच ४६,२०० तिथे दोनदा दिसतात: एकदा TDS-194A खाली, एकदा SFT-016 खाली. बँक एकच माहिती दोन वाटांनी कळवते, म्हणून. दोन्हींची बेरीज केली तर व्याज दुप्पट धरलं जातं. माझ्या शीटमध्ये बँकेच्या प्रमाणपत्रासाठी एक रकाना आहे आणि एआयएस साठी दुसरा, त्यामुळे डोळ्यांसमोर राहतं.

मग राहिली सोसायटी. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात ज्याचं सोसायटीत खातं नाही, पिग्मी नाही, असा माणूस शोधावा लागेल. सहकारी सोसायटी आपल्या सभासदाला दिलेल्या व्याजावर सहसा टीडीएस कापत नाही, उलाढाल ५० कोटींवर गेलेल्या मोठ्या संस्था सोडल्या तर. सहकारी बँकेला ही सवलत नाही, मर्यादा ओलांडली की ती ठेवीवर कापतेच. माझं सोसायटीतलं व्याज २४,०००. ना २६एएस मध्ये, ना एआयएस मध्ये. फॉर्म १६ आणि पोर्टल एवढंच बघणाऱ्याला ते सुचणारही नाही, तरी ते करपात्र आहे. बचत खात्याचं ३,८०० सुद्धा करपात्रच, त्यावर टीडीएस नसतो आणि नवीन रचनेत त्याची वजावटही नाही.

सगळं व्याज मिळून ७४,००० झालं. करपात्र उत्पन्न ९,९९,०००, कर सेससकट ५१,८९६. पगारावरचे ४४,२०० आणि बँकेचे ४,६२० वजा जाता ३,०७६ उरले, ते पूर्णांकात ३,०८० भरले. दहा हजारांच्या आत असल्यामुळे आगाऊ कराचा आणि त्यावरच्या व्याजाचा प्रश्न आला नाही. “बँकेने टीडीएस कापलाय, म्हणजे व्याजाचा कर फिटला” असं समजणाऱ्यांसाठी हे उदाहरण. माझ्या पट्टीत दर सेससकट १०.४ टक्के होता. तीस टक्क्यांच्या पट्टीतल्या माणसाला एवढ्याच व्याजावर कर तिप्पट लागेल, आणि भरायचा फरक सहापट.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. नोव्हेंबरसारखी चूक ती दाखवते, दुरुस्त करत नाही. सोसायटीचं व्याज मी विचारून लिहिलं नसतं तर शीटलाही कळलं नसतं. आणि जुन्या रचनेतल्या घरभाडे भत्त्याचा किंवा गुंतवणुकीच्या वजावटीचा हिशेब कंपनीने बरोबर केला का, हे हे चार रकाने सांगू शकत नाहीत.

एप्रिल २०२५ पासून माझ्या स्लिपवर टीडीएस शून्य आहे, कारण बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आता करसवलत आहे. बँकेची मर्यादाही ५०,००० झाली, म्हणजे तितकंच व्याज राहिलं तर तिथेही काही कापलं जाणार नाही. रिटर्न मात्र भरायचंच आहे, आणि बारा लाखांत पगाराबरोबर व्याजही मोजलं जातं, त्यामुळे व्याजाचं पान चालू ठेवलंय. पगाराच्या पानाची कॉपी धाकट्या भावाने नेली. तो पुण्याला आहे, पगार अठरा लाख, आणि त्याचा टीडीएस दर महिन्याला कापला जातो.