मुलाखतीसाठी कोणता बिनतारी माइक: ब्लूटूथचा की रिसीव्हरचा?

पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले, तेव्हा विशीच्या आत असलेल्या आणि आज ऐंशी ओलांडलेल्या, पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधील माणसांच्या आठवणी मी गेली काही वर्षे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो आहे. हे काम ब्लूटूथच्या कॉलर माइकवर सुरू झाले आणि रिसीव्हर असलेल्या संचावर स्थिरावले. फोनवर मुलाखती घेऊ पाहणारी मंडळी याच दोन पर्यायांपाशी अडतात, म्हणून माझ्या अनुभवातून हा आढावा लिहीत आहे.

दुकानातला एक घोटाळा आधी दूर केला पाहिजे. तपकीर गल्लीत 'ब्लूटूथ माइक' म्हणून मागितले तर पुष्कळदा जो संच समोर येतो, तो ब्लूटूथचा नसतोच. त्यात कपड्याला लावायचा एक किंवा दोन माइक असतात आणि फोनच्या चार्जिंगच्या खाचेत खोचायचा एक छोटा रिसीव्हर असतो. हे दोन्ही आपसांत 2.4 गिगाहर्ट्झवरच बोलतात, पण बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने, आणि फोनच्या ब्लूटूथचा त्यात काही संबंध येत नाही. म्हणून नावावर न जाता एकच प्रश्न विचारावा: फोनला काही खोचायचे आहे, की फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअरिंग करायचे आहे? या लेखात पहिल्याला रिसीव्हरचा संच आणि दुसऱ्याला ब्लूटूथ माइक म्हटले आहे.

खरा फरक आवाज फोनपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो यात आहे. ब्लूटूथ हेडफोनवर गाणे उत्तम ऐकू येते, तेव्हा माइकही तितकाच उत्तम असेल असा आपला समज होतो. परंतु गाण्याची वाट वेगळी असते आणि ती प्रायः फोनकडून कानाकडे, एकाच दिशेने चालते. माइकचा आवाज उलट फोनकडे येतो तो फोनवरील संभाषणासाठी आखलेल्या अरुंद वाटेने. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात आणि सुधारित प्रकारात 16,000. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने टिकतात, त्यामुळे पहिल्यात 4,000 हर्ट्झच्या वरचे सगळे गळते आणि दुसऱ्यात 8,000 च्या वरचे. रिसीव्हरचा संच मात्र फोनला यूएसबी ध्वनियंत्र म्हणून दिसतो आणि सहसा सेकंदाला 48,000 नमुने देतो, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारे जवळजवळ सगळेच त्यात मावते. एलई ऑडिओ या नव्या ब्लूटूथ पद्धतीत ही वाट रुंद होऊ शकते, पण त्यासाठी माइक आणि फोन या दोघांनीही ती पद्धत स्वीकारलेली असावी लागते. खोक्यावर ब्लूटूथ 5.3 असे छापलेले आहे एवढ्यावरून ते कळत नाही.

मराठी बोलण्यात या गळतीचा फटका नेमका कुठे बसतो, ते पाहण्यासारखे आहे. 'स' आणि 'श' यांतला फरक बराचसा वरच्या कंपनांत असतो. 'चार' मधला तालव्य च आणि 'चारा' मधला दंततालव्य च, किंवा दुनिया या अर्थाचे 'जग' आणि जगण्याची आज्ञा देणारे 'जग', यांच्यातला भेदही बराचसा घर्षणाच्या त्या बारीक आवाजावरच उभा असतो. समोरासमोर बोलताना संदर्भाने सगळे कळते, पण 8,000 नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणावरून आडनावे, वाड्यांची नावे किंवा बोलीतले शब्द उतरवून घेताना हात अडतो.

त्याहून मोठे नुकसान आवाज स्वच्छ करण्याच्या प्रक्रियेने होते. ब्लूटूथची ही वाट संभाषणासाठीची असल्याने माइकमधील आणि फोनमधील यंत्रणा पंख्याचा किंवा रहदारीचा सलग आवाज दाबू पाहतात, आणि तसे करताना हळू बोललेलेही दाबून टाकतात. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि वयस्कर माणसाचा आवाज नेमका वाक्याच्या शेवटी उतरतो. नारायण पेठेतल्या एका आजोबांच्या मुलाखतीत माझ्या बाबतीत हेच झाले. वरती पंखा, खिडकीबाहेर रस्ता, आणि शर्टाला ब्लूटूथ माइक. ते म्हणाले होते, "आमच्या माडीपर्यंत पाणी पोचलं नव्हतं." ध्वनिमुद्रणात 'पोचलं' स्पष्ट आहे आणि त्यानंतर पंख्याचाही आवाज नसलेली पोकळ शांतता. मी ते समोर बसून ऐकले होते म्हणून चूक लक्षात आली. टंकलेखनासाठी ती फाइल दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर अर्थ नेमका उलटा नोंदला गेला असता. आजोबांची क्षमा मागून मी पुन्हा गेलो आणि त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली रिसीव्हरचा संच लावला. पंखा या वेळी सर्वत्र ऐकू येतो, पण 'नव्हतं' सुद्धा ऐकू येते. अनेक रिसीव्हर संचांवरही आवाज दाबण्याचे बटण असते, आणि मुलाखतीच्या वेळी ते बंदच असावे असे माझे ठाम मत आहे, कारण पंख्याची घरघर नंतर संगणकावर कमी करता येते, पण गेलेला शब्द परत आणता येत नाही.

आपल्या हातात जे आले आहे ते खरोखर कसे आहे, हे फाइलच्या माहितीवरून समजत नाही. त्या पहिल्या फाइलवरही 48,000 हर्ट्झ असेच लिहून येत होते, कारण ॲपने अरुंद आवाज रुंद पाकिटात भरला होता. ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्रामचे दृश्य निवडले की सत्य डोळ्यांना दिसते: 'स' उच्चारला जातो तिथे उभे ढग वरपर्यंत चढलेले दिसले तर वाट रुंद आहे, आणि 4,000 किंवा 8,000 च्या रेषेवर सुरीने कापल्यासारखी काळी पट्टी सुरू होत असेल तर आवाज संभाषणाच्या वाटेने आला आहे.

चित्रफितीसाठी आणखी एक अडचण येते. ब्लूटूथचा आवाज उशिरा पोहोचतो. मी टाळी वाजवून तपासले तेव्हा 30 फ्रेमच्या चित्रफितीत हात भेटल्यानंतर पाचव्या फ्रेमला टाळी ऐकू आली, म्हणजे सुमारे 165 मिलिसेकंद उशिरा, आणि एवढा फरक ओठांकडे पाहणाऱ्याला खटकतो. टाळीच्या आधाराने आवाज मागे सरकवता येतो, पण ते दर वेळी करावे लागते. शिवाय अनेक फोनांचे मूळचे कॅमेरा ॲप ब्लूटूथ माइककडे लक्षच देत नाही. माइकचा दिवा चालू दिसतो आणि ध्वनिमुद्रण मात्र फोनच्याच माइकवरून होत राहते. काही सॅमसंग फोनांच्या प्रो व्हिडिओमध्ये माइक निवडता येतो, इतरत्र तसे वेगळे ॲप घ्यावे लागते.

रिसीव्हरच्या संचाच्याही खोडी आहेत, फक्त त्या आधी तपासून टाळता येतात. जाड कव्हर असलेल्या फोनमध्ये रिसीव्हर पूर्ण बसत नाही आणि हलला की संपर्क तुटतो, तेव्हा कव्हर काढूनच बसावे. काही कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनांत ओटीजी नावाची सेटिंग स्वतः चालू करावी लागते आणि काही मिनिटे काही जोडलेले नसेल तर ती आपोआप बंद होते, म्हणून चहापाण्यासाठी रिसीव्हर काढून पुन्हा लावला तर तिच्याकडे पाहणे आले. आयफोन 15 पासून टाइप-सी खाच आली, त्याआधीच्या आयफोनांना लाइटनिंगचा रिसीव्हर लागतो. घरात दोन्ही असतील तर जोडण्या बदलता येणारा संच बरा. खाच रिसीव्हरने अडवली की चार्जिंग थांबते. रिसीव्हरलाच चार्जर लावायची सोय असेल तर दोन तासांच्या मुलाखतीला ती उपयोगी पडते. आणि माइकचा आवाज पाठवणारा ट्रान्समीटर मागच्या खिशात ठेवू नये: 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरात शोषल्या जातात, त्यामुळे समोर दोन हातांवर फोन असूनही आवाज तुटतो. हे ब्लूटूथलाही तितकेच लागू आहे. खोक्यावरचा शंभर मीटरचा पल्ला पाहून मात्र संच निवडू नये, कारण मुलाखतीत अंतर दोन मीटरचे असते.

प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजही हवा असेल तर तुलना जवळपास तिथेच संपते. फोन सहसा एका वेळी एकच ब्लूटूथ माइक घेतो, रिसीव्हर दोन घेतो. संच स्टीरिओवर ठेवला तर दोघांचे आवाज डाव्या-उजव्या वाहिनीत वेगळे राहतात आणि माझे मध्येच आलेले 'हं, हं' नंतर काढता येते. मात्र काही ॲप एकाच वाहिनीत मुद्रण करतात आणि दुसरी व्यक्ती गायब होऊ शकते, म्हणून आधी दोघांनीही दोन वाक्ये बोलून ऐकून घ्यावे.

मग ब्लूटूथ माइक कोणी घ्यावा? ज्याला केवळ स्वतःच्या टिपणासाठी, शांत खोलीत, एकाच व्यक्तीचे बोलणे नोंदवायचे आहे आणि ज्याच्याकडे तो आधीच आहे, त्याचे काम त्यावर भागते. नव्याने पैसे घालायचे असतील तर मी घालणार नाही. तेवढ्या कामाला फोनच बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर टेबलावर मऊ रुमालावर ठेवला तर आवाज पुष्कळदा अधिक भरीव येतो. काहीशे रुपयांचा तारेचा कॉलर माइकही बहुतांश ब्लूटूथ माइकांहून सरस ठरतो, फक्त तार पायात येणार नाही एवढे पाहावे.

संच घरी आणल्यावर परत करण्याची मुदत आहे तोवर एक तपासणी करून टाकावी. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पंख्याखाली बसवावे, माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावावा, आणि मोठ्यात मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवावा. सुरुवातीला माइकच्या जाळीवर नखाने खरवडावे. ध्वनिमुद्रणात खरखर मोठी आली तरच हा माइक खरोखर चालू आहे, नाहीतर फोनचाच माइक ऐकतो आहे. मग त्यांना 'नाही' आणि 'नव्हतं' यांवर संपणारी पाच-सहा वाक्ये त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावीत, आणि ती फाइल त्या खोलीत नसलेल्या माणसाला देऊन त्याच्याकडून लिहून घ्यावी.