एलएसटीएम की टीसीएन? टॉवेल कारखान्याच्या लोडवर केलेली तुलना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. माग सकाळी सातला सुरू होतात, रात्री साडेदहाला थांबतात आणि सोमवारी सुट्टी असते. मीटर दर १५ मिनिटांनी विजेच्या लोडचा आकडा देतं. कॉन्ट्रॅक्ट डिमांड ओलांडली तर बिलात दंड लागतो, म्हणून पुढच्या तासाचा लोड आधीच कळावा, एवढंच काम होतं. ते मी एलएसटीएम या न्यूरल नेटवर्कवरही केलं आणि टेम्पोरल कन्व्होल्यूशनल नेटवर्कवरही, म्हणजे टीसीएनवर. असाच निर्णय तुमच्यापुढे असेल, तर सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा: मॉडेलला किती मागचं दिसायला हवं?

एलएसटीएम एकेक आकडा वाचत पुढे जातं आणि वाचलेल्याचं सार एका छोट्या स्मृतीत ठेवतं. मागचं दिसण्याला कागदावर मर्यादा नाही, पण व्यवहारात आहे. जुनं किती ठेवायचं ते फर्गेट गेट ठरवतं. आठवडा म्हणजे ६७२ आकडे. हे गेट दर पावलाला ०.९९ वर राहिलं, तर आठवड्यानंतर मूळ गोष्टीचा जेमतेम हजारावा भाग उरतो. निम्मा भाग टिकवायचा तर गेट सतत ०.९९९ च्या आसपास हवं, आणि प्रशिक्षणातून ते तिथे स्थिरावेलच असं नाही. त्यातच वेळ वाचवायला आपण ग्रेडियंट दीड-दोनशे पावलांवर तोडतो. मग आठवड्यापूर्वीच्या आकड्यावरून शिकण्याचा संदेश तिथपर्यंत पोचतच नाही.

टीसीएनची रीत वेगळी. प्रत्येक थरात तीन टोकांचा कर्नल घेतला, तर पहिल्या ब्लॉकमध्ये तो आत्ताचा, १५ मिनिटांपूर्वीचा आणि अर्ध्या तासापूर्वीचा आकडा बघतो. ही टोकं पुढच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये दुप्पट अंतरावर जातात, यालाच डायलेशन म्हणतात. तिसऱ्या ब्लॉकमध्ये ती तासातासावर असतात, आठव्यात ३२ तासांवर. हे कन्व्होल्यूशन कॉजल असतं, म्हणजे कोणतंही टोक भविष्यात जात नाही. एका ब्लॉकमध्ये अशी दोन कन्व्होल्यूशन असतात आणि ब्लॉकची मूळ नोंद वळसा घेऊन शेवटी पुन्हा मिळवली जाते. कर्नल `k` आणि ब्लॉक `n` असतील, तर एकूण नजरेतले आकडे असे:

```
1 + 2*(k-1)*(2**n - 1)
```

`k=3` घेऊन सात ब्लॉकला ५०९ आणि आठ ब्लॉकला १०२१ आकडे येतात. मी आधी सातच ठेवले होते. काही आठवड्यांनी मामा म्हणाले, "अरे, हे तुझं यंत्र रविवारी निम्मेच माग चालणार म्हणतंय, आणि सोमवारी बंद कारखान्यातही निम्मे चालवतंय."

या तक्रारीतच दोष दिसत होता. ५०९ आकडे म्हणजे मागे ५ दिवस ७ तास. रविवारी सकाळी सहाला बघितलं तर नजर मागच्या सोमवारी रात्री अकरापर्यंत जाते. तोवर माग रोजच्यासारखेच बंद झालेले असतात, त्यामुळे सुट्टी दिसत नाही. सोमवारी सकाळी सहालाही सगळे कामाचेच दिवस दिसतात. मॉडेलसाठी या दोन सकाळी एकसारख्याच, पण एकीनंतर पूर्ण लोड येतो आणि दुसरीनंतर शून्य. वर्गचूक कमी करायला शिकवलेलं मॉडेल अशा वेळी सरासरी सांगतं, म्हणजे निम्मा लोड. ठरावीक वेळी दोन टोकांच्या मधलाच आकडा येत असेल, तर आधी नजरेचा हिशेब करा. आठवा ब्लॉक जोडल्यावर नजर १० दिवस १५ तासांवर गेली आणि दोन्ही सकाळी वेगळ्या झाल्या.

खरं तर वाराचा एक रकाना जोडला असता, तर हे सात ब्लॉकमध्येही सुटलं असतं, आणि तो आधी जोडा असंच मी सांगेन. पण ऑर्डरच्या घाईत काही आठवडे सुट्टीचा वार बदलतो. तेव्हा मागचा आठवडा दिसणं कामी येतं. वर्षातून एकदा येणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मात्र नजर वाढवून उपयोग नाही. वर्षाला ३५,०४० आकडे होतात. १४ ब्लॉक लावले तर तेवढं मागचं दिसेलही, पण दोन वर्षांच्या नोंदीत यात्रा दोनदाच येते. दोन उदाहरणांवरून मॉडेल काय शिकणार? त्या दिवसांची खूण हातानेच द्यावी लागते.

प्रशिक्षणात टीसीएन सरळ पुढे आहे. एलएसटीएमला आकडे क्रमानेच घ्यावे लागतात, तर टीसीएन थरातल्या सगळ्या वेळांचा हिशेब एकदम करतं, त्यामुळे जीपीयू रिकामा बसत नाही. मात्र दोन ठिकाणी हात पोळतात. एक पॅडिंग. पायटॉर्चमध्ये `padding='same'` दोन्ही बाजूंना भर घालतं, म्हणजे पुढचे आकडे गळून आत येतात. चाचणीतली चूक अविश्वसनीय कमी दिसते आणि प्रत्यक्षात मॉडेल कोसळतं. भर फक्त डावीकडे हवी:

```python
x = F.pad(x, ((k - 1) * d, 0))
y = conv(x)   # dilation=d
```

खात्रीसाठी `model.eval()` करून शेवटचा एकच आकडा बदला. त्याआधीचं एक जरी उत्तर हललं, तर गळती आहे.

दुसरी जागा म्हणजे हीच डावीकडची शून्यं. लोडच्या कच्च्या नोंदीत शून्य म्हणजे कारखाना बंद, सरासरी वजा केल्यावर तेच शून्य म्हणजे सरासरी लोड. दोन्ही अर्थ खोटे. म्हणून प्रत्येक तुकड्यातली पहिली १०२० उत्तरं मी चूक मोजताना वगळतो.

चालू मॉडेल छोट्या बोर्डवर बसवायचं असेल, तर पारडं फिरतं. ६४ युनिटच्या एका थराच्या एलएसटीएमला पुढच्या पावलासाठी फक्त १२८ संख्या जपाव्या लागतात. ३२ चॅनेलच्या माझ्या आठ ब्लॉकच्या टीसीएनला प्रत्येक थराचा मागचा साठा जपायला सुमारे ३२,६०० संख्या लागतात, म्हणजे साधारण १३० केबी, आणि वजनं वेगळी. ऑफिसच्या संगणकाला हे काहीच नाही. ५२० केबी मेमरीच्या ईएसपी३२ वर मात्र प्रत्येक केबी मोजावा लागतो. म्हणून धागा तुटण्याचा अंदाज घ्यायला मागावर बसवलेल्या बोर्डवर, जिथे धागा तुटण्याआधीची काही मिनिटंच महत्त्वाची असतात, तिथे मी एलएसटीएमच ठेवलं आहे.

२०१८ मध्ये बाई, कोल्टर आणि कोल्टुन यांनी अनेक कामांवर टीसीएन साध्या एलएसटीएम आणि त्याच जातीच्या जीआरयूपेक्षा सरस ठरल्याचं दाखवलं. लांब स्मृती लागणाऱ्या कामांत हा फरक ठळक होता. पण त्यांच्याच तक्त्यात पेन ट्रीबँक या इंग्रजी मजकुराच्या संचावर शब्दपातळीला एलएसटीएम पुढे आहे. त्यामुळे मजकुरावर काम करणार असाल, तर माझ्या लोडच्या अनुभवावर विसंबू नका, दोन्ही चालवून बघा. ठरावीक वेळाने येणारे आकडे, किती मागचं लागतं याचा अंदाज आणि मेमरीची अडचण नाही, अशा ठिकाणी मी टीसीएनच घेईन. मामांकडे सध्या आठ ब्लॉक आणि वाराचा रकाना, असं दोन्ही चालू आहे.