अडतीस टक्के बॅटरी असताना बंद पडणारा लॅपटॉप : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अनुभव

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब मी पाहतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये कामासाठी चौदा इंची लॅपटॉप घेतला. आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, आत बसवलेली तीन सेलची बॅटरी. स्क्रीन, कीबोर्ड आणि वेग याबद्दल आजही माझी काही तक्रार नाही, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही. हा अनुभव बॅटरीचा आहे. तो सविस्तर लिहितो, कारण यात माझे दीड महिना आणि द्राक्षांच्या हंगामातले काही महत्त्वाचे दिवस गेले.

पहिले बावीस महिने लॅपटॉप ऑफिसच्या टेबलावर, बहुतेक वेळ चार्जर लावूनच चालला. डिसेंबर २०२४ मध्ये पॅकहाउसची कामं सुरू झाली आणि सकाळी सातला तो तिकडे न्यायला लागलो. तिथे लाइट गेली होती. बॅटरी ३८ टक्के होती आणि मी पावत्यांची मोठी एक्सेल फाइल उघडली. फाइल उघडता उघडता स्क्रीन काळी झाली. सूचना नाही, 'बॅटरी कमी आहे' असा इशारा नाही, सरळ बंद. पुन्हा सुरू केला तर ३७ टक्के दाखवत होता. त्या आठवड्यात असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मात्र सुरू केल्यावर आकडा एकदम ९ वर आला होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विंडोज स्वतः बॅटरी कमी म्हणून लॅपटॉप झोपवते तेव्हा ती साधारण पाच टक्क्यांच्या आसपास, आधी इशारा देऊन आणि उघडलेलं काम जपून झोपवते. माझ्याकडे तसं काहीच झालं नव्हतं. Event Viewer या विंडोजच्या नोंदवहीत System या नोंदी उघडल्या तर तिन्ही वेळांना Kernel-Power, Event ID 41 सापडलं. त्याच्या तपशिलात BugcheckCode समोर 0 होता. याचा सरळ अर्थ असा की विंडोजला निळ्या स्क्रीनची चूक नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, वीजच गेली. म्हणून ड्रायव्हर, व्हायरस, विंडोज नव्याने टाकणे हा रस्ता मी तिथेच सोडला. दुकानदाराने मात्र पहिला सल्ला तोच दिला होता.

वीज तुटते म्हटल्यावर माझ्यासमोर तीन शक्यता उरल्या. पहिली, प्रोसेसर फार तापून यंत्रणा स्वतःला बंद करते. ही लवकर निकालात निघाली. तोच लॅपटॉप चार्जर लावून, तीच एक्सेल फाइल आणि सोबत व्हिडिओ कॉल असा तीन तास चालवला, पंखा जोरात फिरत राहिला, पण बंद पडला नाही. उष्णतेचा दोष असता तर चार्जरवर तो जास्तच दिसला असता, कारण चार्जरवर प्रोसेसर अधिक जोरात चालतो. शिवाय बंद पडायचा तो डिसेंबरच्या थंडीत, सकाळी. दुसरी शक्यता बॅटरीचा मदरबोर्डला जोडणारा कनेक्टर सैल असण्याची. तसं असेल तर लॅपटॉप उचलताना किंवा कोपरा दाबताना बंद पडतो. माझा टेबलावर स्थिर असतानाच पडत होता. तरीही जवळच्या दुरुस्तीवाल्याकडून कनेक्टर काढून परत बसवून घेतला. फरक पडला नाही. उरली बॅटरी.

बॅटरीच्या बाबतीत मात्र सगळे कागद माझ्या विरोधात होते. विंडोजचा अहवाल काढण्याची आज्ञा अशी आहे :

```
powercfg /batteryreport
```

यातून battery-report.html ही फाइल तयार होते. माझ्या अहवालात DESIGN CAPACITY ४१,०४० आणि FULL CHARGE CAPACITY ३३,९०० मिलिवॅट-तास होती, म्हणजे मूळच्या सुमारे ८३ टक्के. CYCLE COUNT, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरली गेली तो आकडा, फक्त ६१. अधिकृत सेवा केंद्राने त्यांची चाचणी चालवली, ती 'पास' आली आणि बॅटरी ठीक आहे म्हणून लॅपटॉप परत दिला. त्यांची चाचणी लॅपटॉप नुसता सुरू ठेवून झाली होती, त्यावर कसलंही जड काम चालू नव्हतं. चूक नेमकी इथे होते.

आपल्याला दिसणारा टक्का हा अंदाज असतो. बॅटरीतली एक चिप आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला हे मोजत राहते आणि त्यावरून उरलेला साठा सांगते. बॅटरी पूर्ण भरणं आणि जवळजवळ रिकामी होणं अधूनमधून घडलं, की ती आपला हिशेब सुधारून घेते. बावीस महिने चार्जरवर राहिलेल्या बॅटरीत ही वेळ क्वचितच आली. त्यामुळे ८३ टक्के हा आकडा शिळा होता. आणि ६१ सायकल कमी दिसल्या तरी निफाडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पूर्ण भरलेल्या अवस्थेत बसून राहिल्याने लिथियमचे सेल वापराविनाही म्हातारे होतात.

पण लॅपटॉप कधी बंद करायचा हे टक्का ठरवत नाही, व्होल्टेज ठरवतं. प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर बॅटरीतल्या संरक्षक सर्किटची नजर असते. एक जरी सेल ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरी ते सर्किट पूर्ण बॅटरी तोडतं. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. हळू काम चालू असताना तो जाणवत नाही. मोठा करंट मागितला की व्होल्टेज एकदम खचतं. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून निफाडच्या डिसेंबरातल्या सकाळी तक्रार जास्त आणि दुपारी कमी होती. आणि मोठा करंट नेमका कधी लागतो? फाइल उघडताना, कॉल जोडताना. त्या काही सेकंदांत प्रोसेसर टर्बोवर, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगावर, जातो आणि एरवी आठ वॅटवर चालणारा लॅपटॉप तीस वॅटच्या वर जातो.

हे पडताळून पाहायला HWiNFO हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. त्यात बॅटरीचं व्होल्टेज आणि किती वॅट खर्च होतात हे दिसतं, आणि नोंदी फाइलमध्ये साठवता येतात. बॅटरी ४० टक्के असताना चार्जर काढला. नुसता सुरू असलेल्या लॅपटॉपवर व्होल्टेज १०.९ होतं. मग जड फाइल उघडली. खर्च ३० वॅटवर गेला आणि शेवटच्या नोंदीत व्होल्टेज ९.६ होतं. त्यानंतर नोंद नाही, कारण लॅपटॉप बंद झाला होता. सव्वा व्होल्टपेक्षा जास्त घसरण, तीही सुमारे तीन अँपिअरवर. तीन सेलच्या चांगल्या बॅटरीत ती अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते, हे नंतर नव्या बॅटरीवर तपासलं.

सरासरी काढली तर ९.६ म्हणजे सेलमागे ३.२ व्होल्ट, जे तोडण्याइतकं कमी नाही. म्हणून शंका आली की तिन्ही सेल सारखे नसावेत. दुरुस्तीवाल्याने जुनी बॅटरी काढल्यावर तिच्या सर्किटवर मीटर लावून सेल वेगवेगळे मोजले. दोन सेल ३.७४ आणि ३.७५, तिसरा ३.४१. उत्तर तिथेच होतं. खचताना दोन सेल ३.५ च्या आसपास थांबत असतील तर तिसऱ्याच्या वाट्याला साधारण २.६ येतो, आणि त्यावर सर्किट तोडणारच. बाकीच्या दोन सेलमधली वीज शिल्लक असूनही ती आपल्याला मिळत नाही. (ही मोजणी घरी करू नका. लिथियमचा पॅक उघडताना स्क्रू ड्रायव्हर चुकून टेकला तर आग लागू शकते. मी ती जाणकाराकडूनच करून घेतली.)

बॅटरी बदलण्याआधी कॅलिब्रेशन, म्हणजे चिपचा हिशेब जुळवून घेणं, करून पाहिलं, कारण सगळीकडे तोच उपाय सांगतात. पूर्ण चार्ज, दोन तास विश्रांती, मग हलक्या कामावर बंद होईपर्यंत उतरवणं, पुन्हा विश्रांती आणि पूर्ण चार्ज. दोन फेऱ्यांनंतर FULL CHARGE CAPACITY ३३,९०० वरून २६,१०० वर आली आणि लॅपटॉप ३८ ऐवजी वीस-बावीस टक्क्यांवर बंद पडू लागला. म्हणजे आकडा खरा झाला, सेल मात्र तसाच राहिला. तुमच्याकडे सेल ठीक असून फक्त हिशेब चुकलेला असेल तर याने प्रश्न पूर्ण सुटू शकतो, म्हणून पैसे खर्च करण्याआधी एकदा जरूर करा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र करू नका. टचपॅड वर आलेला, झाकण नीट न बसणारं, टेबलावर लॅपटॉप डुलणारा दिसला तर चार्जिंग थांबवून बॅटरी काढून घ्या.

नवी बॅटरी मिळेपर्यंतचे तीन आठवडे मला एका साध्या बदलाने तारलं. बॅटरीवर असताना प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली. माझ्या प्रोसेसरवर यामुळे टर्बो बंद होतो :

```
powercfg /setdcvalueindex SCHEME_CURRENT SUB_PROCESSOR PROCTHROTTLEMAX 99
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

फाइल उघडायला थोडा जास्त वेळ लागायचा, पण खर्च सोळा-सतरा वॅटच्या वर जाईना आणि लॅपटॉप अचानक बंद पडेना. निदानाची ही माझ्या मते सगळ्यात स्वस्त कसोटी आहे : टर्बो बंद केल्यावर अचानक बंद पडणं थांबलं, तर दोष बॅटरीच्या जोरात आहे.

जानेवारीअखेर त्याच कंपनीची मूळ बॅटरी ५,२०० रुपयांना बसवली. बाजारात २,००० ला 'चालणारी' मिळत होती. त्यातल्या सेलची खात्री कोणीच देईना, म्हणून घेतली नाही. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीची एकच वर्षाची होती, हे मला त्या दिवशी कळलं. घेताना हे वेगळं विचारा.

आता सहा महिने झाले. तीच कसोटी, ४० टक्क्यांवर तीच फाइल : व्होल्टेज ११.३ वरून १०.८ वर येतं आणि तिथे टिकतं. पाच टक्क्यांपर्यंत एकदाही बंद पडला नाही. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के लावली आहे, त्यामुळे पॅकहाउसवर अडीच तासांऐवजी दोन तास मिळतात. ते मला चालतं. महिन्यातून एकदा ही मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरतो, दहा टक्क्यांपर्यंत उतरवतो आणि त्या दिवशीचं व्होल्टेज वहीत लिहून ठेवतो.