वरमाईचं स्वागतभाषण: आधी व्याही की आधी सून?

रिसेप्शनला वरमाईने दोनच मिनिटं बोलायचं असतं. सावकाश बोललं तर दोन मिनिटांत साधारण २०० शब्द बसतात. तेवढ्यात व्याह्यांच्या घरच्यांचं स्वागत करायचं आणि सुनेलाही दोन शब्द सांगायचे. खरा निर्णय असतो तो क्रमाचा. कुणापासून सुरुवात करायची, यावर बाकीचं बरंच काही ठरतं.

आधी व्याह्यांशी बोलण्याचा मोठा फायदा आवाजाला होतो. स्वागताची वाक्यं सरळ असतात, ती म्हणता म्हणता घसा मोकळा होतो आणि माइकची सवय होते. सुनेशी बोलताना गळा दाटून येण्याची शक्यता जास्त असते, पण या क्रमात तो भाग शेवटी येतो. तिथे थांबावं लागलं तरी मागे काही राहून जात नाही. शिवाय मुलीकडची मंडळी त्या दिवशी थोडी अवघडलेली असतात. पहिल्याच वाक्यात आपल्याकडे वळून कुणी बोललं की ती निवांत होतात आणि पुढचं मन लावून ऐकतात.

या क्रमाचा धोका म्हणजे स्वागताची यादी होणं. आईवडील, काका, मामा, आत्या अशी नावं घ्यायला लागलं की एखादं सुटतं, आणि घेतलेल्या दहा नावांपेक्षा सुटलेलं एक नाव जास्त दिवस लक्षात राहतं. म्हणून मुलीच्या आईवडिलांना आणि आजीआजोबांना उद्देशून बोलावं आणि बाकी सर्वांना ‘तुम्ही सगळे’ म्हणावं. एका काकांचं नाव घेतलं की सगळ्या काकांचं घ्यावं लागतं, हे आधीच ध्यानात ठेवावं.

आधी सुनेशी बोलायचं ठरवलं तर सभागृहाचं लक्ष लगेच मिळतं. मुलाकडच्या बऱ्याच पाहुण्यांनी तिला त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिलेलं असेल, तर हा क्रम जास्त उपयोगी ठरतो. पण सुनेचं कौतुक झालं की टाळ्या पडतात, लोकांना भाषण संपलं असं वाटतं आणि कुजबुज सुरू होते. व्याह्यांचं स्वागत त्या गलबल्यात बुडतं. त्यातून वरमाईचा गळा भरून आलेला असला, तर ‘आणि हो, व्याह्यांचंही स्वागत’ एवढ्यावरच ते आटोपतं. ज्यांचं स्वागत करायला उभं राहायचं, तेच उरल्यासुरल्यासारखे वाटतात.

दोन्ही क्रम एकाच मजकुरावर पाहू. समजा, मुलीच्या आजींना कमी ऐकू येतं आणि वराच्या आजींनाही. व्याह्यांपासून सुरुवात केली तर भाषणाचा गाभा असा होईल:

“व्याहीबुवा, विहीणबाई, आजी आणि तुम्ही सगळे, मनापासून स्वागत. तुमच्या घरी आम्ही पहिल्यांदा आलो, तेव्हा आजींना ऐकू यावं म्हणून प्रत्येक जण त्यांच्या समोर बसून सावकाश बोलत होता. पुढे तुमची मुलगी आमच्याकडे आली आणि माझ्या सासूबाईंशी अगदी तशीच बोलली. हे तिने कुठून आणलं, ते मला तेव्हा कळलं. बाळा, त्या दिवशी सासूबाई कितीतरी दिवसांनी एवढ्या बोलल्या. तुझ्या आईबाबांचं घर तुझं आहेच. हे घरही आता आपलं आहे. ये.”

सुनेपासून सुरुवात केली तर तोच प्रसंग उलटा सांगावा लागतो:

“बाळा, तू पहिल्यांदा घरी आलीस, तेव्हा खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसलीस आणि सावकाश बोललीस. तुला कुणी सांगितलं नव्हतं. त्याआधी आम्ही तुझ्या घरी गेलो होतो, तेव्हा तुझ्या आजींशी सगळे तसंच बोलताना पाहिले होते. विहीणबाई, व्याहीबुवा, हे तिला तुमच्याकडून मिळालं. तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत. आणि बाळा, तूही ये. हे घर आपलं आहे.”

दुसऱ्या मजकुरात सुनेकडून व्याह्यांकडे नेणारं ‘हे तिला तुमच्याकडून मिळालं’ हे वाक्य गाळलं तर भाषण दोन तुकड्यांत तुटतं. सुनेचा भागही चार वाक्यांतच संपायला हवा. पहिल्या मजकुराला इतकं जपावं लागत नाही. दोन्हींत कौतुक एकाच पाहिलेल्या गोष्टीचं आहे. ‘गुणी आहे, मनमिळाऊ आहे’ ही विशेषणं कुठल्याही सुनेला लागू होतात, म्हणून तिच्या आईवडिलांना त्यात आपली मुलगी दिसत नाही.

दोन्ही मजकुरांत शेवटी ‘आपलं’ आहे, ‘आमचं’ नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आमच्या घरात तुझं स्वागत’ हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलं तरी सुनेला पाहुणी करतं. जुन्या प्रसंगांपुरतं ‘आम्ही’ ठीक, पण आजपासूनचं बोलताना ‘आपण’ हवं. सवयीने जीभ ‘आमच्या’कडे वळते, म्हणून शेवटची दोन वाक्यं तरी शब्द न् शब्द पाठ असावीत.

‘सून नाही, मुलगीच’ हे वाक्य दोन्ही क्रमांत टाळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिची आई समोरच बसलेली असते. त्या माउलीला त्या क्षणी ‘तुमची मुलगी’ हे शब्द ऐकायचे असतात. ‘तुम्ही मुलगी दिलीत’ यातलं ‘देणं’ही खटकतं, मुलगी कुणी देण्याघेण्याची वस्तू नाही. ‘तुमची मुलगी आणि आमचा मुलगा एकत्र आले’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

बहुतेक घरांसाठी आम्ही व्याह्यांपासूनच सुरुवात सुचवू. मुलीकडच्यांची भाषा वेगळी असेल तर नक्कीच. तेव्हा स्वागताचं पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत म्हणावं. ते सुनेकडूनच शिकून घ्यावं आणि तिला म्हणून दाखवावं, म्हणजे उच्चाराची चूक आधीच सुधारते.

मुलीचे वडील किंवा आई हयात नसतील, तर मात्र सुनेपासून सुरुवात करणं बरं. आधी व्याह्यांना हाक मारली की सगळ्यांच्या नजरा रिकाम्या जागेकडे जातात आणि पुढचं भाषण त्या सावटाखाली होतं. सुनेकडून सुरुवात केली की त्यांचा उल्लेख ‘तुझ्या बाबांनी तुला हे शिकवलं’ अशा वाक्यात सहज येतो. हा उल्लेख करायचा की नाही, ते तिला चार दिवस आधी विचारावं. ती नको म्हणाली तर करू नये.

क्रम ठरला की फोनवर रेकॉर्ड करून ऐकावं. शेवटची ३० सेकंदं पहिल्या ३० सेकंदांपेक्षा घाईची वाटली तर मजकूर जास्त झाला आहे, तेव्हा मधली दोन वाक्यं काढावीत. हातात घडीचा कागद नको, तो थरथरला की लांबूनही दिसतो. तळहाताएवढं जाड कार्ड घ्यावं आणि त्यावर मोठ्या अक्षरात ज्यांना हाक मारायची ते, प्रसंगाची खूण आणि शेवटची दोन वाक्यं लिहावीत.

माइक हनुवटीजवळ, तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर धरावा. व्याह्यांकडून सुनेकडे वळताना मान वळते आणि माइक जुन्या जागीच राहतो, आणि नेमकं तिच्यासाठीचं पहिलं वाक्य कुणाला ऐकू जात नाही. पहिल्या क्रमात हे वळण एकदाच येतं, दुसऱ्यात दोनदा. माइक धरलेला कोपर अंगाला टेकवून कमरेपासून वळलं की माइक तोंडाबरोबरच फिरतो. तालमीत हातात लाटणं धरून हे दोनतीनदा करून पाहावं.