गावकी की सोसायटी: कोणाचा वचक परवडेल?

माझा मावसभाऊ येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. ठाण्यात फ्लॅट आहे, संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे, आणि राहायचं कुठे हे ठरत नाही. हवा, पाणी, दवाखाना हा हिशोब नवराबायकोने केव्हाच करून झालाय. मला त्याने वेगळंच विचारलं. "दादा, तू सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतास आणि गावच्या मुंबई मंडळातही आहेस. खरं सांग, माणसं जास्त कुठे छळतात?"

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असं, की गावात सगळं तोंडी आणि शहरात सगळं कागदी. ते अर्धंच खरं आहे. ग्रामपंचायत ही सोसायटीपेक्षा जास्त सरकारी चीज आहे. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ती चालते, कर बसवते, वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. सोसायटी नोंदली जाते १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली, पण शेवटी ती सभासदांचीच. तिचा जोर असतो उपविधींवर, म्हणजे सभासद होताना आपण न वाचता ज्याला मान्यता दिली त्या पुस्तिकेवर. कागद दोन्हीकडे आहे. आणि दोन्हीकडे कागदाच्या मागे दुसरी, बिनकागदाची सत्ता आहे. गावात ती गावकी आणि भावकी, सोसायटीत व्हॉट्सअॅप ग्रुप आणि गेटवरचा वॉचमन. तेव्हा तुलना करायची ती एकाच कुरापतीची: ती दोन्हीकडे झाली तर पुढे काय होतं?

आमच्या वाडीत एकाने गणपतीच्या आधी कुंपणाचा जांभ्याचा गडगा नव्याने घातला आणि जाता जाता दोन हात पुढे, पाखाडीवर म्हणजे वाडीच्या पायवाटेवर सरकवला. त्या पावसाळ्याअखेर वाडीत एक म्हातारी वारली, तेव्हा तिरडी तिथून तिरकी करून न्यावी लागली. तोवर कुरकुर करणारे त्या दिवशी भडकले. दिवसकार्य उरकल्यावर सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, बैठक बसली. गडगेवाल्याला निरोप गेला, तो आला नाही. पुढच्या बैठकीला आला, पण "माझ्या जागेतच आहे" म्हणाला. तिसरी बैठक दिवाळीत, चाकरमानी आल्यावर. मग कोणीतरी म्हणालं, मुंबई मंडळाला विचारू. असं करत माघ उजाडला.

आता कागदाची वाट बघा. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण काढायचा अधिकार अधिनियमाच्या कलम ५३ने ग्रामपंचायतीला दिलाय. आम्ही अर्ज केला. ग्रामसेवकाने रस्त्यांची नोंदवही काढून दाखवली, त्यात ती पाखाडीच नव्हती. नोंद नाही म्हणजे ती खाजगी वहिवाट, म्हणजे पंचायतीने हात वर केले. त्याला दोष देता येत नाही, पाखाडी कोणी कधी नोंदवलीच नव्हती. दुसरी वाट होती तहसीलदारांची. पाखाडी पुढे आमच्या शेतात उतरते, आणि शेताकडे जाणारी वहिवाट अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली त्यांच्याकडे दावा लावता येतो. पण तो अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. बैठका घेता घेता आमचे सहा महिने गेले होते. उरला दिवाणी दावा, तो घालायची कोणाची ताकद नव्हती.

मला वाटतं गावाबद्दल सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तोंडी तोडगा कागदी तोडग्याच्या आड येतो. भाऊबंदावर अर्ज करणं हा वाईटपणा, म्हणून माणसं आधी बैठक, मग बैठक, मग पुन्हा बैठक करतात, आणि तिकडे मुदत संपते.

मग गडगा हलला कसा? शिमग्याने. वाडीने ठरवलं, यंदा ग्रामदेवतेची पालखी त्याच्या घरी जायची नाही. हे ज्याला कळत नाही तो कोकणातला नव्हे. वर्षभर कोणी बोललं नाही तरी माणूस तग धरतो, पण दाराशी रांगोळी घालून बसलेल्या आईसमोरून पालखी पुढे निघून जाणं कोणाला सोसत नाही. पौर्णिमेच्या चार दिवस आधी त्याने गडगा मागे घेतला. एक हात. दोन हात घेतला नाही, आणि वाडीनेही मग ताणलं नाही.

मी तेव्हा त्या बैठकीत होतो आणि गप्प बसलो, हे कबूल करतो. कारण आम्ही जे केलं ते कायद्याने गुन्ह्याच्या फार जवळ होतं. सामाजिक बहिष्कारापासून लोकांचं संरक्षण करणारा महाराष्ट्राचा २०१६चा कायदा ३ जुलै २०१७पासून लागू आहे. धार्मिक विधीत भाग घेऊ न देणं, संबंध तोडायला इतरांना भाग पाडणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याने पोलिसांत तक्रार दिली असती तर आमची बाजू रास्त होती हे सांगून सुटका झाली नसती. गावाचं सगळ्यात धारदार हत्यार असं बेकायदा आहे, आणि ते रास्त कारणासाठी जेवढ्या सहज निघतं तेवढ्याच सहज मुलीने परजातीत लग्न केलं म्हणूनही निघतं.

आता सोसायटी. आमच्या चौथ्या मजल्यावर एकाने दाराबाहेर लोखंडी जाळीचा दरवाजा बसवला आणि पॅसेजचा चार फुटांचा तुकडा घरात घेतला. आत चपलांचं कपाट, तुळस, सायकल. पॅसेज सगळ्यांचा, शिवाय आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. मी सेक्रेटरी म्हणून नोटीस दिली. उत्तर नाही. दुसरी नोटीस, मग कमिटीपुढे म्हणणं मांडायची संधी, मग सर्वसाधारण सभेचा ठराव आणि उपविधींप्रमाणे दंड. दंड मेंटेनन्सच्या बिलात लागला. त्याने दंड वजा करून उरलेले पैसे भरले! पुढची पायरी सहकार न्यायालय किंवा महापालिकेचा अग्निशमन विभाग. उपविधींच्या शेवटी कोणती तक्रार कोणाकडे न्यायची याची छान यादी असते. सोसायटीत भांडायचं असेल तर ते पान आधी वाचावं. पण न्यायालयाच्या खर्चाला सभेत मंजुरी मिळेना. वकिलासाठी प्रत्येक घरामागे पैसे काढायचे म्हटल्यावर तळमजल्यावरच्यांना चौथ्या मजल्यावरची जाळी सुसह्य वाटायला लागली.

तेवढ्यात बिनकागदी सत्ता जागी झाली. कोणीतरी जाळीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली अंगठे, हसरे चेहरे, एक टोमणा त्याच्या बायकोवर. दोघं ग्रुपमधून बाहेर पडले. त्या संक्रांतीला आमच्या विंगमधल्या बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. परिणाम? शून्य. जाळी तशीच. त्याच्या ऑफिसातले लोक वेगळे, नातेवाईक वेगळे, देऊळ वेगळं. आमच्या रुसण्याने त्याचं काय अडणार होतं?

जाळी निघाली दोन वर्षांनी, तो फ्लॅट विकायला निघाला तेव्हा. आदर्श उपविधींप्रमाणे हस्तांतरासाठी सोसायटीचा ना-हरकत दाखला लागतही नाही. पण घेणाऱ्याची बँक तो मागते, निदान थकबाकी नसल्याचा दाखला तरी मागतेच. दंडाची थकबाकी भरून, वेल्डर आणून त्याने एका रविवारी जाळी कापली. कपाट खाली ठेवून गेला, ते वॉचमनने घेतलं.

माझ्या मते या दोन गोष्टींतला खरा फरक इथे आहे. गाव माणसाला सणात, लग्नात आणि मयताला पकडतं. सोसायटी त्याला पकडते दाराबाहेर पडताना, म्हणजे विकताना किंवा भाड्याने देताना. ज्याला विकायचंच नाही त्याच्यावर सोसायटीचा वचक फार थोडा. ज्याला गावात कोणाचे खांदे लागणार नाहीत त्याच्यावर गावाचा. पण असा माणूस गावात राहायला जातो कशाला?

पैशाच्या बाबतीत मात्र उलटं आहे. तिथे सोसायटीचा कागद चावतो. तीन महिने थकवलं की माणूस थकबाकीदार ठरतो आणि कमिटीवर बसता येत नाही. आमच्या उपविधींत व्याज वर्षाला २१ टक्के, सरळव्याज. महिना ३,५०० रुपये चौदा महिने थकवले तर मुद्दल ४९,००० आणि वर साधारण साडेपाच हजार व्याज. एवढ्यावर सोसायटी उपनिबंधकांकडे कलम १५४ब-२९खाली वसुली दाखला मागू शकते. तो निघाला की फेरतपासणीला वर जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, आणि पुढे वसुली अधिकारी फ्लॅटवर जप्ती आणू शकतो. मात्र वसुलीसाठी पाणी तोडायचा अधिकार उपविधी कमिटीला देत नाहीत. कोणी तशी धमकी दिली तर घाबरू नये.

घरपट्टीलाही बिल, मागणीचं रिट, जप्ती अशी सगळी पायऱ्यांची तरतूद आहे. पण सरपंचाने शेजाऱ्याची जप्ती केलेली मी आमच्या पंचक्रोशीत पाहिली नाही. त्याला पुन्हा मतं मागायची असतात. तिथे वसुली होते ती दाखल्याच्या वेळी: "आधी घरपट्टी भरा, मग बघू." गंमत म्हणजे कायद्याचा दात लागतो तो खुद्द सदस्यालाच, बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर भरला नाही तर पद जाऊ शकतं, आणि विरोधी पॅनेल ती तारीख बरोबर मोजत असतं.

मावसभावाची अडचण वेगळी आहे, ती तो बोलून दाखवत नाही. त्याच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलंय. जावई शिमग्याला आला तर कोणी उघड काही म्हणणार नाही, कायद्याची भीती आता वाडीत पोचली आहे. पण नारळ कोणी कोणाच्या हातात दिला, पंगतीत कोण कुठे बसलं, हे बघितलं जाईल. सोसायटीत हे कोणी विचारत नाही. मात्र शहराला शाबासकी देण्याआधी भाड्याने घर शोधणाऱ्या एकट्या मुलीला किंवा वेगळ्या आडनावाच्या माणसाला विचारावं. तिथे ठराव नसतो, नियम नसतो, नुसतं "कमिटी नाही म्हणते" असं दलाल सांगतो, आणि त्यावर अपील कुठे करायचं ते कोणत्याच यादीत नाही.

त्याला मी सांगितलं, फ्लॅट विकू नकोस. बंद ठेवलास तर बिनभोगवटा शुल्क लागत नाही. भाड्याने दिलास तर लागेल, पण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. गणपती ते शिमगा गावी राहून बघ. आणि जाण्याआधी दोन कामं कर. घराच्या जागेची सरकारी मोजणी करून घे, आणि आपली पाखाडी ग्रामसभेत ठराव घेऊन नोंदवहीत चढव. भांडण नसताना हे होतं, भांडण झाल्यावर होत नाही.

"आणि तो गडगा?" त्याने विचारलं.

एक हात अजून आत आहे. ठराव मांडायचा तर सूचक म्हणून कोणाचं तरी नाव लागेल. मी म्हटलं, तुझं लाव, तू नवा आहेस.