माळ्यावरचा हॉटस्पॉट: सात महिन्यांचा अनुभव

गावच्या घरी रेंज येते ती फक्त माळ्यावरच्या खिडकीत. म्हणून जुना अँड्रॉइड फोन तिथे ठेवतो आणि त्याच्या हॉटस्पॉटवर खाली ओटीवर लॅपटॉप चालवतो. स्पीडबद्दल तक्रार नाही. पण जेवून येईपर्यंत हॉटस्पॉट बंद, की परत शिडी चढा!

आधी वाटलं, डेटा वापरला नाही की फोन बंद करत असेल. म्हणून मोठं डाउनलोड लावलं, सवयीने लॅपटॉप मिटला आणि जेवायला बसलो. तरी तेच. मग उलगडलं. फोन डेटा बघत नाही, कोण जोडलंय ते बघतो. लॅपटॉप मिटला की झोपतो, वायफाय सोडतो, डाउनलोडही तिथेच अडकतं. जोडलेलं कुणीच उरलं नाही की फोनचं घड्याळ सुरू; माझ्याकडे दहा मिनिटांचं.

हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये `Turn off hotspot automatically` सापडलं (काही फोनमध्ये इथे मिनिटं निवडता येतात). ते बंद केलं आणि प्रश्न सुटला, असं वाटलं. रात्री 11 ला 82 टक्के बॅटरी होती, सकाळी 6 ला 61. रात्रभर कुणीही न जोडता.

बँड 5 वरून 2.4 गिगाहर्ट्झवर आणला, तेव्हा थोडा फरक पडला. शिवाय ओटीवर सिग्नलही नीट पोचू लागला. पण बॅटरी खाणारा खरा निघाला टॉवर. फोन फळीवर होता, खिडकीपासून दोन हात आत, एक कांडी रेंज. रेंज कमी असली की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो. गजाला पिशवी बांधून त्यात फोन टांगला, तीन कांड्या आल्या. सकाळी 9 ते 1 च्या कामात आधी 45 टक्के उतरायची, आता 25 च्या आसपास. चार्जरला कायम लावून ठेवणं मे महिन्यात करून पाहिलं. कौलांखाली फोन इतका तापला की चार्जिंगच थांबलं. आता जेवणाच्या वेळी तासभर लावतो, कव्हर काढून.

शेवटी घड्याळ पुन्हा चालू केलं आणि लॅपटॉपलाच जागं ठेवलं. विंडोजमध्ये `Choose what closing the lid does` इथे `Plugged in` खाली `Do nothing`, आणि स्लीप `Never`. दिवसभर जोडणी तुटत नाही. रात्री लॅपटॉप बंद केला की दहा मिनिटांत हॉटस्पॉटही झोपतो. लाइट गेली की मात्र लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि मिटला की जुनाच खेळ.

गणपतीत भाच्याला पासवर्ड दिला होता. त्याचा मोबाइल रात्रभर जोडलेला, त्यामुळे घड्याळ सुरूच झालं नाही. सकाळी शिडी चढून बघतो तर पिशवीत फोन गार.