टास्क वनचा ग्राफ: एकेक रेष लिहून काढायची की जोड्या लावायच्या?

आयईएलटीएस अकॅडमिकच्या रायटिंगमध्ये पहिला प्रश्न, म्हणजे टास्क वन, पुष्कळदा ग्राफचा येतो, लाईन नाहीतर बार. (टेबल, नकाशा, प्रोसेस पण येतात, ते आज राहू द्या.) किमान १५० शब्द, वेळ साधारण २० मिनिटं. आपल्या यवतमाळ-वाशीम साईडची पोरं घरी बसून तयारी करतात तेव्हा हमखास अडकतात ती एकाच जागी, की ग्राफमधलं लिहायचं काय आणि कोणत्या क्रमानं. क्रमाच्या दोन पद्धती चालतात. एक, प्रत्येक रेष पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत लिहायची, मग दुसरी रेष, मग तिसरी. दुसरी, आधी पाहायचं कोणत्या रेषा सारख्या वागतात आणि कोणत्या उलट, आणि त्यांच्या जोड्या लावून लिहायचं. दोन्हीत फायदातोटा आहे, पण बरोबरीचा नाही, ते खाली येईलच.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ, म्हणजे ग्राफ डोळ्यापुढे राहील. आकडे खरे नाहीत, सरावासाठी मी बनवलेत, कुठं वापरू नका. समजा एका तालुक्यात पेरणीच्या एकूण क्षेत्रापैकी किती टक्क्यांवर कोणतं पीक होतं असा लाईन ग्राफ आहे, वर्षं १९९०, २०००, २०१० आणि २०२०. ज्वारी ३८, २४, १०, ४. सोयाबीन ४, २०, ३८, ४०. कापूस ३६, ३८, ३४, ३५. तूर १०, ११, ११, १२. झाले सोळा आकडे.

आता पहिली पद्धत लावा. ज्वारी १९९० मध्ये ३८ टक्के होती, २००० मध्ये २४ झाली, २०१० मध्ये १० आणि २०२० मध्ये ४. मग सोयाबीन तसंच, मग कापूस, मग तूर. लिहायला सोपी आहे हे मान्य, पहिल्या मिनिटाला पेन चालू होतो, डोकं लावावं लागत नाही, शब्द तर आरामात १५० च्या वर जातात. पण उत्तर सातबारा वाचून दाखवल्यासारखं होतं, सगळं आहे पण सांगितलं काहीच नाही. २००० ते २०१० च्या मधात सोयाबीन ज्वारीच्या वर गेलं, आणि त्याच दहा वर्षांत कापसालाही मागं टाकलं, ही या ग्राफमधली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती या उत्तरात कुठंच येत नाही, कारण ज्वारी एका परिच्छेदात आणि सोयाबीन दुसऱ्यात, दोघांची भेटच होत नाही. प्रश्नात मात्र स्पष्ट दिलेलं असतं की मुख्य गोष्टी निवडा आणि जिथं लागू असेल तिथं तुलना करा. मार्किंगचे जे बँडचे निकष जाहीर आहेत त्यात ५ च्या बँडलाच लिहिलंय की तपशील बहुतांश यांत्रिकपणे सांगितलाय. म्हणजे हे उत्तर व्याकरणात कितीही चोख असलं तरी टास्क अचीव्हमेंटमध्ये, म्हणजे प्रश्नानं मागितलं ते दिलं का याच्या मार्कांत, तिथंच घुटमळतं.

दुसऱ्या पद्धतीत पहिली तीन-चार मिनिटं काही लिहायचंच नाही, नुसतं पाहायचं. लोकांना हेच जड जातं, बाजूचा पोरगा खराखरा लिहित असतो ना. पाहायचं काय तर सुरुवातीला कोण वर होतं, शेवटी कोण वर आहे, सगळ्यात जास्त कोण हललं, कोण जागचं हललंच नाही, आणि रेषा एकमेकींना कुठं कापतात. आपल्या ग्राफला हे विचारलं की दोन जोड्या आपोआप पडतात. ज्वारी आणि सोयाबीन, ज्यांचं सगळं उलटंपालटं झालं, आणि कापूस आणि तूर, जे तीस वर्षं जवळपास तिथंच राहिले.

मग ओव्हरव्ह्यू, म्हणजे सगळ्या ग्राफचं एकूण चित्र सांगणारी एक-दोन वाक्यं, असा होतो (लिहायचं इंग्रजीतच, मी मतलब सांगतोय): एकंदरीत या काळात ज्वारीचा वाटा जवळपास संपला आणि सोयाबीन तळातून पहिल्या नंबरवर आलं, कापूस आणि तुरीत मात्र फारसा फरक पडला नाही. पाहा, एकही आकडा नाही, आणि तरी ग्राफ न पाहिलेल्या माणसाला चित्र कळतं. पहिल्या बॉडी परिच्छेदात ज्वारी-सोयाबीन: १९९० मध्ये ज्वारी सगळ्यात वर, ३८ टक्के, तर सोयाबीन फक्त ४, पुढच्या दहा वर्षांत हे अंतर ४ पॉइंटवर आलं, २०१० येईपर्यंत सोयाबीन ज्वारीच्याच नाही तर कापसाच्याही वर, आणि शेवटी ते ४० वर अन ज्वारी ४ वर. दुसऱ्या परिच्छेदात कापूस पूर्ण वेळ ३४ ते ३८ च्या मधात, २००० मध्ये काही काळ पहिल्या नंबरवर, आणि तूर १० वरून १२, म्हणजे जवळपास सपाट. सोळापैकी आठ-नऊ आकडे वापरले, बाकी सोडले. सोडल्यानं मार्क जात नाहीत, उलट कोणते सोडायचे हे कळणं यालाच निवड म्हणतात. कापसाचा २०२० चा ३५ गाळला तरी काही बिघडत नाही, पण सोयाबीनचा ४ गाळला तर ग्राफच गेला.

इथं आपल्या पोरांची खास एक अडचण आहे. गावातल्या एका मुलीला मी हाच ग्राफ दिला तर ती म्हणे, "दादा, सोयाबीन काऊन वाढलं हे तर मले माईत हाये, मंग लिहू नाई का?" नाही लिहायचं बावा. भाव, पाऊस, मजुरी, पऱ्हाटीवरची अळी, सगळं आपल्याला ठाऊक आहे पण ग्राफमध्ये ते नाही, आणि टास्क वनमध्ये कारण दिलं की ते ग्राफच्या बाहेरचं होतं, शब्दही वाया जातात आणि वेळही. याच जातीची दुसरी चूक जास्त लपलेली आहे. ज्वारीची जमीन सोयाबीनकडे गेली असं लिहायचा मोह होतो, दोन आकडे एवढे जुळतात म्हणून, पण ग्राफ फक्त वाटे दाखवतो, कोणाच्या वावरात कशाच्या जागी काय पेरलं ते दाखवत नाही. तसंच वाटा कमी झाला म्हणजे एकर कमी झाले असंही म्हणता येत नाही, एकूण पेराच वाढला असेल तर? आणि सोयाबीन ४ वरून ४० झालं ही ३६ टक्के वाढ नाही, ३६ पर्सेंटेज पॉइंटची वाढ आहे, किंवा सरळ दहापट म्हणा. ३६ टक्के वाढ लिहिलं तर ४ चं साडेपाचही होत नाही, आणि तपासणाऱ्याला ते दिसतं.

मग पहिली पद्धत कधीच घ्यायची नाही का? घ्यायची, दोनच रेषा असतील तेव्हा. दोन रेषांमध्ये जोडी काय लावणार, एकेक परिच्छेद द्या आणि दुसरीबद्दल लिहिताना पहिलीशी ताडून पाहा, भागलं. ज्यांचं तुलनेचं इंग्रजी अजून कच्चं आहे, व्हाईल, व्हेअरअॅज वापरताना वाक्य तुटतं, त्यांनीही काही दिवस रेषेमागून रेष लिहायला हरकत नाही, अट एवढीच की ओव्हरव्ह्यूत तुलना आलीच पाहिजे. तीन-चार रेषा झाल्या की मात्र मी जोड्यांच्याच बाजूनं आहे. तिसरा एक मार्ग क्लासवाले शिकवतात, काळाचे तुकडे पाडायचे, पहिल्या परिच्छेदात १९९० ते २००० आणि दुसऱ्यात त्यापुढचं. सगळ्या रेषा एकाच वर्षी वळत असतील तर तो एक नंबर आहे. आपल्या ग्राफमध्ये तसं वळण नाही, तुरीला दोनदा बोलावून दोनदा काही झालं नाही असंच सांगावं लागेल.

बार चार्टला थोडं वेगळं बघा. बारखाली वर्षं असतील तर तो लाईन ग्राफच समजा, वरचंच सगळं लागू. पण खाली वर्षं नसून पाच गावं असतील आणि प्रत्येक गावाचे बाई-माणूस असे दोन बार असतील, तर तिथं काळच नाही, म्हणून वाढलं, घसरलं हे शब्द चुकीचे. हे इतके जण करतात की विचारू नका, पाठ केलेले रोझ आणि फेल कुठंतरी टाकायचेच असतात ना. तिथं गावं छापलेल्या क्रमानं घेऊ नका, मनात उंचीप्रमाणे लावून घ्या. सगळ्यात मोठा बार, सगळ्यात छोटा, दोघांत सर्वांत जास्त अंतर कुठं, आणि एखादं गाव बाकीच्यांच्या उलट आहे का. चार गावांत माणसांचा बार उंच आणि एकात बायांचा, तर ते एक गाव ओव्हरव्ह्यूत पाहिजेच.

वेळेचा हिशेब दोन्हीचा उलटा निघतो. रेषेमागून रेष लवकर सुरू होते पण सोळा आकडे उतरवता उतरवता पंचवीस मिनिटं कधी गेली कळत नाही, आणि ती जास्तीची पाच मिनिटं टास्क टूमधून जातात, ज्याला टास्क वनच्या दुप्पट वजन आहे. जोड्यांमध्ये सुरुवातीला चार मिनिटं जातात, प्रश्नाचं वाक्य आपल्या शब्दांत आणि ओव्हरव्ह्यू यात तीन, दोन परिच्छेदांना दहा, उरलेली तीन आकडे आणि वर्षं ग्राफशी ताडून पाहायला. आपली पद्धत नेमकी कोणती झाली हे घरी तपासायचं असेल तर ग्राफ झाकून आपला ओव्हरव्ह्यू भावाला वाचून दाखवा आणि त्याला कागदावर अंदाजे रेषा काढायला लावा. कोणती वर गेली, कोणती खाली, कोणती सपाट, एवढं त्यानं काढलं तर जमलं. नुसतंच "बरेच बदल झाले" असं लिहिलं असेल तर तो बिचारा काय काढणार.

आणि परीक्षेत चुकून पहिल्या पद्धतीनं सुरू झालंच, बारा मिनिटं गेली, दोन रेषा लिहून झाल्या, तर मागचं खोडत बसू नका. उरलेल्या दोन रेषा एकाच परिच्छेदात जोडीनं उरकून टाका आणि आधी ओव्हरव्ह्यूची दोन वाक्यं लिहा. कॉम्प्युटरवर असाल तर ती इंट्रोच्या खाली घुसवता येतात. कागदावर असाल तर शेवटी लिहिली तरी चालतात, फक्त इंट्रोनंतर तीन-चार ओळी मोकळ्या सोडायची सवय घरीच लावून ठेवा.